मावसभावाला दिलेले सहा लाख

जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा माझ्या धाकट्या मावसभावाची मसाला कांडपाची गिरणी दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मोटारी दुरुस्त झाल्या, पण हळद आणि मिरची दळण्याचे मुख्य यंत्र निकामी झाले होते. नव्या यंत्रासाठी त्याला सहा लाख कमी पडत होते आणि पुराआधीचे कर्ज फिटलेले नसल्यामुळे बँक आणखी कर्ज द्यायला तयार नव्हती. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझ्या मुदत ठेवींवर तेव्हा साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. त्याने फोन करून रक्कम मागितली आणि मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यानेच व्हॉट्सॲपवर लिहिले, "ताई, फुकट नको. दरसाल नऊ टक्क्यांनी दे, नाही तर मला घेताना संकोच वाटेल." मी "ठीक आहे" एवढेच उत्तर दिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ठेव मोडून सहा लाख रुपये माझ्या खात्यातून त्याच्या खात्यात पाठवले. त्या व्यवहाराचा लेखी पुरावा म्हणून पुढची दोन वर्षे हा एक संदेश आणि बँकेच्या उताऱ्यातील एक ओळ, एवढेच माझ्याजवळ होते.

घरातल्या माणसाला व्याजाने पैसे देणे अनेकांना खटकते, याची मला कल्पना आहे. आमच्या बाबतीत व्याजाचा प्रस्ताव घेणाऱ्याकडून आला होता आणि त्यात त्याचा स्वाभिमान होता, म्हणून मी तो स्वीकारला. मात्र व्याज स्वीकारताच आपल्या उत्पन्नाचा एक नवा झरा सुरू झाला आहे आणि त्याचा हिशेब प्राप्तिकर विभागाला द्यायचा आहे, हे माझ्या मनातही आले नाही. बँकेतल्या ठेवीचे व्याज करपात्र असते हे मला ठाऊक होते, कारण बँक त्यावर टीडीएस कापते आणि तो आकडा वार्षिक माहिती विवरणात आपोआप दिसतो. भावाकडून येणारे व्याज कोठेही आपोआप दिसत नव्हते. जे विवरणात दिसत नाही ते उत्पन्नच नाही, असा समज मी कधी शब्दांत मांडला नव्हता, पण वागले मी त्याच समजुतीने.

३० सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, त्याने एक लाख रुपये बँकेतून पाठवले आणि फोनवर सांगितले, "ताई, एक लाख पाठवलेत, बघून घे." मी वहीत लिहिले, "एक लाख परत आले, पाच लाख राहिले." परत आलेली स्वतःचीच रक्कम हे काही उत्पन्न नव्हे, म्हणून त्या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात मी त्यातले काहीच दाखवले नाही. ही चूक समजायला मला आणखी एक वर्ष लागले.

२०२३ च्या दिवाळीआधी भावाने गिरणीसाठी कॅश क्रेडिटचा, म्हणजे बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी मिळणाऱ्या कर्जाचा, अर्ज केला. अर्ज तपासताना बँकेने त्याच्या ताळेबंदातील खासगी कर्जांचे पुरावे मागितले, आणि त्याच्या करसल्लागाराने माझ्याकडे एक कन्फर्मेशन, म्हणजे बाकी मान्य असल्याचे पत्र, सहीसाठी पाठवले. त्या पत्रात माझा पॅन होता आणि आकडे असे होते: ३१ मार्च २०२२ अखेर व्याज २७,००० रुपये, ३१ मार्च २०२३ अखेरच्या वर्षाचे व्याज ५४,००० रुपयांहून थोडे कमी, आणि मुद्दल बाकी पाच लाख चौपन्न हजार. माझ्या वहीत मुद्दल पाच लाख होते आणि व्याज शून्य. एकाच व्यवहाराची दोन घरांत दोन चित्रे तयार झाली होती, आणि त्यांपैकी त्याचे चित्र सरकारदरबारी आधीच पोहोचले होते, कारण त्याने हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून आपल्या विवरणपत्रात वजा केले होते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात सीए म्हणून व्यवसाय करते. मी तिच्याकडे दोन्ही कागद घेऊन गेले. तिने आकड्यांकडे पाहण्याआधी विचारले, "मॅडम, एक लाख आले तेव्हा ते व्याजाचे की मुद्दलाचे, असे तुमच्यात काही ठरले होते का?" काहीच ठरले नव्हते. मग तिने मला जो नियम सांगितला तो या संपूर्ण लेखाचा कणा आहे. दोघांमध्ये वेगळे काही ठरलेले नसेल, तर कर्जदाराकडून आलेली रक्कम आधी थकलेल्या व्याजात जिरते आणि उरलेली मुद्दलात जाते. न्यायालयांनी मानलेला सर्वसाधारण नियम हाच आहे. सहा लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५४,००० होते. म्हणजे त्या एक लाखापैकी ५४,००० रुपये माझे व्याजाचे उत्पन्न होते आणि केवळ ४६,००० रुपये मुद्दलाची परतफेड होती. भावाच्या करसल्लागाराने हेच केले होते आणि ते बरोबर होते. माझ्या वहीतील "एक लाख परत आले" ही ओळ चुकीची होती, आणि त्या ओळीवरूनच माझे विवरणपत्रही चुकले होते.

असे खासगी व्याज प्राप्तिकर कायद्यात "इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न" या शीर्षाखाली येते आणि पगाराच्या उत्पन्नात मिळवून आपल्या नेहमीच्या दराने त्यावर कर लागतो. बचत खात्याच्या व्याजाला मिळणारी दहा हजारांची वजावट, किंवा ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची वजावट, या व्याजाला मिळत नाही. त्या सवलती बँका, सहकारी बँका आणि टपाल कार्यालयातील रकमांपुरत्या आहेत. देणाऱ्याने स्वतः कर्ज काढून ती रक्कम पुढे दिली असेल, तर त्या कर्जाचे व्याज मात्र या उत्पन्नातून वजा करता येते, परंतु दोन्हींतला थेट संबंध बँकेच्या उताऱ्यावरून दाखवता आला पाहिजे. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता, कारण मी ठेव मोडली होती.

त्याहून अवघड प्रश्न कोणत्या वर्षी कर भरायचा हा होता. भावाच्या पुस्तकात व्याज दर ३१ मार्चला जमा होत होते, प्रत्यक्ष दिले असो वा नसो, कारण तो धंद्याचा हिशेब उपार्जन पद्धतीने ठेवतो. मी नोकरदार आहे आणि माझे हिशेब नेहमी हातात पैसे आले की, म्हणजे प्राप्ती पद्धतीने, लिहिले जातात. कायदा इतर स्रोतांच्या उत्पन्नासाठी दोन्ही पद्धतींना मान्यता देतो. अट एवढीच की जी पद्धत धरली ती वर्षानुवर्षे सातत्याने पाळावी, सोयीप्रमाणे बदलू नये. म्हणून २०२१-२२ मध्ये भावाने २७,००० रुपये खर्च दाखवले आणि मी शून्य उत्पन्न दाखवले, यात विसंगती असली तरी चूक नव्हती. चूक २०२२-२३ मधली होती, कारण त्या वर्षी ५४,००० रुपये खरोखर माझ्या खात्यात आले होते.

या निवडीचे परिणाम समजून घेण्यासारखे आहेत. उपार्जन पद्धत धरली असती तर व्याज हाती येण्याआधी कर भरावा लागला असता, आणि पुढे ते व्याज बुडाले असते तरी भरलेला कर सहज परत मिळाला नसता. प्राप्ती पद्धतीत न आलेल्या व्याजावर कर नाही, पण दोन-तीन वर्षांचे थकलेले व्याज एकदम आले तर ते सगळे त्याच वर्षाच्या उत्पन्नात पडते आणि कदाचित वरच्या दराच्या टप्प्यात जाते. मुद्दल बुडाले तर मात्र कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही. सावकारीचा किंवा बँकिंगचा व्यवसाय नसणाऱ्या व्यक्तीला बुडीत मुद्दल आपल्या पगारातून किंवा मिळालेल्या व्याजातून वजा करता येत नाही. ज्याला हातउसने पैसे द्यायचे आहेत त्याने ही एक गोष्ट व्याजाचा दर ठरवण्यापूर्वी लक्षात घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. माझ्या नऊ टक्क्यांतून वीस टक्के कर आणि त्यावरचा चार टक्के उपकर गेल्यावर सुमारे सव्वासात टक्क्यांहून थोडे कमीच उरत होते, आणि सगळी जोखीम माझ्याकडे होती.

२०२२-२३ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत सुधारता येत होते आणि आम्ही बसलो होतो नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे साधे सुधारित विवरणपत्र भरून काम झाले. वाढीव कर ५४,००० चे वीस टक्के, म्हणजे १०,८०० रुपये, आणि त्यावरचा उपकर ४३२ रुपये, असा एकूण ११,२३२ रुपये झाला. टीडीएस वजा जाता वर्षाचा देय कर दहा हजार किंवा त्याहून अधिक झाला की आगाऊ कर भरणे बंधनकारक होते, आणि तो भरला नव्हता म्हणून दरमहा एक टक्क्याने व्याजही भरावे लागले. ३१ डिसेंबरची तारीख उलटली असती तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग होता, पण त्यात मूळ कर आणि व्याज यांच्यावर पंचवीस टक्के किंवा त्याहून अधिक जादा रक्कम मोजावी लागते. पुढच्या वर्षांसाठी मी महाविद्यालयाच्या कार्यालयाला अंदाजे व्याजाची रक्कम लेखी कळवली आणि त्यावरचा करही पगारातूनच कापून घेण्याची विनंती केली. नोकरदारासाठी आगाऊ कराच्या चार तारखा सांभाळण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे, आणि फार थोड्या जणांना तो ठाऊक असतो. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला आगाऊ कर लागतच नाही. तिने विवरणपत्र भरताना पूर्ण कर भरला तरी चालते.

कर भरून झाला, पण माझ्या विद्यार्थिनीला खरी चिंता कागदांची होती, आणि ती माझ्यापेक्षा भावासाठी अधिक होती. धंद्याच्या पुस्तकात सहा लाख जमा दिसतात तेव्हा करनिर्धारण अधिकारी घेणाऱ्याला विचारतो की ते कोणी दिले, देणाऱ्याची तेवढी ऐपत होती का आणि व्यवहार खरा आहे का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत तर ती रक्कम अस्पष्टीकृत जमा समजली जाते आणि तिच्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे अधिभार व उपकर धरून अठ्ठ्याहत्तर टक्के कर लागत होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझा पॅन आणि कन्फर्मेशन हे होते. दुसऱ्याचे उत्तर माझे विवरणपत्र आणि बँकेच्या उताऱ्याचे ते पान, ज्यावर ठेव मोडल्याची नोंद आणि त्याखालीच भावाला रक्कम पाठवल्याची नोंद होती. हे पान मोलाचे ठरते. देणाऱ्याच्या खात्यात आदल्या दिवशी मोठी रोकड भरलेली दिसली आणि दुसऱ्या दिवशी ती पुढे गेली असे दिसले, तर इतर सर्व कागद असूनही संशय राहतो.

तिसऱ्या प्रश्नाजवळ आम्ही अडखळलो. रक्कम पाठवताना बँकेच्या ॲपमध्ये कारण निवडायचे होते आणि मी विचार न करता कुटुंबाला मदत अशा अर्थाचा पर्याय निवडला होता. मदत म्हणजे भेट असे कोणी म्हटले असते तर? प्राप्तिकर कायद्यात नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, पण नातेवाईक कोण याची यादी कायद्याने बांधून दिली आहे. तीत पती-पत्नी, सख्खी भावंडे, आईवडिलांची भावंडे, वंशातील वरच्या आणि खालच्या पिढ्या अशी नाती येतात. भावाच्या दृष्टीने माझी आई, म्हणजे त्याची मावशी, नातेवाईक आहे. मी त्याची मावसबहीण, नातेवाईक नाही. माझे सहा लाख भेट ठरले असते तर पन्नास हजारांहून अधिक असल्यामुळे संपूर्ण रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली गेली असती. लहानपणापासून ज्याला दरवर्षी ओवाळले त्या भावाशी माझे कायद्याच्या पुस्तकात नातेच नाही, हे ऐकून मला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण कर्ज हे परत करायचे असते म्हणून ते भेट नसते, आणि ते परत करायचे होते हे सांगणारा कागद असला की हा प्रश्न उरत नाही. त्याचा नऊ टक्क्यांचा संदेश आणि परत आलेले एक लाख हे आमच्या बाजूचे भक्कम पुरावे होते.

मी तिला सुचवले की १ ऑक्टोबर २०२१ या तारखेचा करार आताच करून ठेवावा. तिने स्पष्ट नकार दिला. मागील तारखेचा कागद हा खोटा कागद आहे. मुद्रांक कोणत्या दिवशी विकत घेतला हे त्याच्यावरच छापलेले असते, आणि एक खोटा कागद उघड झाला की उरलेल्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो. त्याऐवजी तिने आजच्या तारखेचे कर्ज मान्यतापत्र करायला सांगितले. त्यात असे लिहिले की अमुक तारखेला, अमुक यूटीआर क्रमांकाच्या बँक व्यवहाराने सहा लाख रुपये कर्ज म्हणून मिळाले, दरसाल नऊ टक्के सरळ व्याज तेव्हा तोंडी व संदेशाद्वारे ठरले होते, ३० सप्टेंबर २०२२ च्या एक लाखापैकी ५४,००० व्याजापोटी आणि ४६,००० मुद्दलापोटी आहेत, बाकी मुद्दल पाच लाख चौपन्न हजार आहे, आणि यापुढे येणारी प्रत्येक रक्कम आधी व्याजात व मग मुद्दलात धरली जाईल. झालेली गोष्ट झाली तशीच लिहिलेली असल्यामुळे त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. कोणी आरंभीच प्रॉमिसरी नोट लिहून घेणार असेल तर सहीच्या वेळीच महसुली तिकीट चिकटवून त्यावरून सही झाली पाहिजे. प्रॉमिसरी नोटवर तिकीट नसेल तर नंतर दंड भरूनही तो दोष न्यायालयात दूर करता येत नाही.

हा कागद नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला याला आणखी एक महत्त्व होते. परतीची मुदत न ठरवता दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा कर्ज दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. आमची मुदत ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला संपत होती. मधल्या काळात व्याज किंवा मुद्दलाचा हप्ता आला तर मुदत नव्याने सुरू होते, पण त्या हप्त्याबद्दल कर्जदाराच्या हस्ताक्षरातील किंवा सहीची नोंद हवी असते. म्हणूनच नुसत्या बँक हस्तांतरावर विसंबू नये. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने सही करून बाकी मान्य केली की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मोजली जातात. मी भावावर दावा लावणार नव्हते आणि आजही लावणार नाही. पण माझ्या मागे माझ्या मुलीला आणि त्याच्या मागे त्याच्या मुलांना हा व्यवहार समजावा, यासाठी दरवर्षी मार्चअखेर अशी एक सही घेणे मला आवश्यक वाटू लागले.

त्या वर्षी भाऊबीजेला तो पुण्याला आला तेव्हा जेवणानंतर आम्ही दोघांनी मिळून मान्यतापत्र वाचले. मग त्याने एका पाकिटातून पन्नास हजार रुपये रोख काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्या वर्षाचं व्याज." मी पाकीट परत दिले, आणि का परत देते आहे हेही सांगितले. धंद्याचा खर्च म्हणून एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिले तर तो खर्च त्याला करासाठी वजा मिळत नाही, म्हणजे व्याज देऊनही त्याचा फायदा गेला असता. ती रक्कम मुद्दलाची असती तर प्रकरण अधिक गंभीर होते. वीस हजार किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आणि तेवढे कर्ज बाकी असताना ते रोखीने फेडण्यास मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या किंवा फेडलेल्या रकमेइतकाच असतो. वीस हजारांची ही मर्यादा एका हप्त्यापुरती नाही. बाकी कर्ज त्याहून मोठे असेल तर पाच हजारांचा रोख हप्ताही नियमाबाहेर जातो. बहुतेकांना वाटते की हा दंड देणाऱ्याला होतो, प्रत्यक्षात तो कर्ज घेणाऱ्याला आणि फेडणाऱ्याला होतो. म्हणजे रोख घेऊन मी माझ्या सोयीसाठी त्याला धोक्यात टाकले असते. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल तर कर्ज रोखीने घेण्यापुरती सूट आहे, पण आमच्यापैकी कोणीच त्यात बसत नव्हते.

पाकीट परत घेताना त्याचा चेहरा पडला, म्हणून मी म्हटले की या वर्षाचे व्याज राहू दे, मी सोडून देते. ते मी मनापासून म्हटले होते. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा तिने त्याचेही दुसरे टोक दाखवले. न आलेल्या व्याजावर मला कर नव्हता हे खरे, आणि बिनव्याजी कर्जावर काल्पनिक व्याज धरून माझ्यासारख्या व्यक्तीला कर लावला जात नाही हेही खरे. पण भावाने ते व्याज आधीच खर्च म्हणून वजा केले असेल, तर माफ झालेली तेवढी रक्कम माफीच्या वर्षी त्याच्या धंद्याच्या उत्पन्नात धरली जाते. माफी द्यायची असेल तर ती पुढील काळाच्या व्याजाची आणि लेखी द्यावी, मागच्याची तोंडी देऊ नये. मी भावाला हे कळवले. १ डिसेंबर २०२३ रोजी त्याने ४९,८६० रुपये बँकेतून पाठवले आणि तपशिलात लिहिले, "व्याज सप्टें २३ पर्यंत". पाच लाख चौपन्न हजारांचे नऊ टक्के बरोबर तेवढेच होतात.

त्या रकमेइतकेच त्या चार शब्दांनाही महत्त्व होते, असे मी म्हणेन. त्यानंतर आमचा हिशेब इतका सरळ झाला की तो येथे देता येतो. १ एप्रिल २०२४ रोजी त्याने दोन वेगवेगळी हस्तांतरे केली: सहा महिन्यांच्या व्याजाचे २४,९३० रुपये आणि मुद्दलाचे दोन लाख चौपन्न हजार. मुद्दल तीन लाखांवर आले. तारीख एक दिवस आधीची असती तर ते २४,९३० रुपये माझ्या २०२३-२४ च्या उत्पन्नात गेले असते. १ एप्रिलला आले म्हणून ते २०२४-२५ मध्ये गेले. मग तीन लाखांवर वर्षाचे २७,००० रुपये व्याज ३१ मार्च २०२५ रोजी देय झाले, आणि माझ्या खात्यात आले २४,३०० रुपये.

मी लगेच फोन केला. गिरणीची उलाढाल २०२३-२४ मध्ये एक कोटीच्या वर गेली होती, हे त्याने आनंदाने सांगितले. धंद्याची उलाढाल आदल्या वर्षी एक कोटीच्या वर, किंवा व्यावसायिकाची जमा पन्नास लाखांच्या वर असेल, तर त्या व्यक्तीला खासगी कर्जाच्या व्याजातूनही दहा टक्के टीडीएस कापावा लागतो. त्या वर्षी ही मर्यादा पाच हजार रुपये व्याजाची होती. १ एप्रिल २०२५ पासून ती दहा हजार झाली. घेणारा नोकरदार असेल, किंवा त्याची उलाढाल लहान असेल, तर त्याला काहीच कापावे लागत नाही. भावाने २,७०० रुपये कापले होते. विवरणपत्रात उत्पन्न म्हणून २४,३०० लिहायचे नाहीत, २७,००० लिहायचे, आणि २,७०० भरलेला कर म्हणून मागायचे. हाती आलेला आकडा लिहिण्याची चूक या ठिकाणी सहज होते. माझे त्या वर्षाचे खासगी व्याज म्हणून २४,९३० आणि २७,००० मिळून ५१,९३० रुपये झाले. व्याज पुस्तकात एका वर्षी जमा झाले, टीडीएसही त्याच वर्षी गेला आणि रक्कम पुढच्या वर्षी आली, असे घडले असते तर प्राप्ती पद्धत पाळणाऱ्या मला उत्पन्न आणि कापलेल्या कराचा दावा हे दोन्ही पुढच्या वर्षी दाखवावे लागले असते. तो घोटाळा टाळण्यासाठीच आम्ही ३१ मार्च ही देण्याची तारीख ठरवून घेतली होती.

मध्यंतरी ही गोष्ट शिक्षकखोलीत कळली आणि एका सहकाऱ्याने नऊ टक्क्यांनी दोन लाख मागितले, मग आणखी एकाने. विद्यार्थिनीने येथे मला थांबवले. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारीचा व्यवसाय करणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. नात्यात एखादे कर्ज व्याजाने देणे म्हणजे व्यवसाय नव्हे; व्यवसाय ठरण्यासाठी व्यवहारांत सातत्य आणि पुनरावृत्ती दिसावी लागते. पण तीन-चार जणांना, एकाच दराने, वर्षामागून वर्ष कर्ज देत गेले की ती पुनरावृत्ती कोणालाही दिसेल. मी दोघांनाही नाही म्हटले. एकाला मुलीच्या प्रवेशासाठी निकड होती, त्याला मी पंधरा हजार बिनव्याजी दिले, आणि तेही बँकेतून.

हे सारे घडले तेव्हा १९६१ चा प्राप्तिकर कायदा लागू होता. २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून मी येथे मुद्दामच एकही कलम लिहिलेले नाही.

मार्च २०२५ अखेरचे कन्फर्मेशन मे महिन्यात टपालाने आले आणि जूनमध्ये २,७०० रुपयांच्या टीडीएसचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए. दोन्ही कागद मी त्याच फाइलमध्ये लावले, जिच्या तळाशी आता व्हॉट्सॲपच्या त्या पहिल्या संदेशाची छापील प्रत आहे. कन्फर्मेशनवर सहीखाली थोडी जागा मोकळी होती. तेथे भावाने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, "मुद्दल बाकी रु. ३,००,०००. व्याज बाकी नाही. ताई, यंत्र चांगले चालले आहे, हळद पाठवतो आहे."